दुकानाची जागा बदलताना जुना लँडलाइन नंबर कसा टिकवायचा

दुकान हलवायचं ठरलं की फळ्या, कपाटं, पाटी, वीजजोडणी यांची यादी लगेच तयार होते. फोन आठवतो शेवटच्या आठवड्यात. मी बरीच वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शिफ्टिंगच्या अर्जांचं काम केलं. तिथे पाहिलेलं सांगतो: जे जुने नंबर हातचे गेले, त्यातले निम्मे तरी तांत्रिक अडचणीमुळे गेले नव्हते. दुकानदाराने स्वतःच्या अर्जात एक वाक्य लिहिलं म्हणून ते गेले. ते वाक्य असं: ‘इथला फोन बंद करून नव्या जागी फोन द्यावा.’

लिहिणाऱ्याच्या मनात ते एकच काम असतं. कंपनीच्या संगणकात मात्र त्याचे दोन वेगळे हुकूम होतात, एक जोडणी बंद करण्याचा आणि दुसरा नवी जोडणी देण्याचा. पहिला पार पडला की नंबर तुमच्या खात्यातून सुटतो, काही काळ रिकामा पडून राहतो आणि मग दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. रिकामा असेपर्यंत धावपळ केली तर कधीकधी परत मिळतो. एकदा दुसऱ्याच्या घरी वाजायला लागला की विषय संपला. म्हणून अर्जात ‘बंद’ हा शब्द येऊच देऊ नका. ‘याच नंबरसह जोडणीचं स्थलांतर’ असं लिहा आणि पावतीवरही स्थलांतर किंवा शिफ्टिंग असंच छापलंय ना, ते काउंटरवरून हलण्याआधी वाचा.

नंबर राहतो कुठे?

एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. नंबर तुमच्या फोनच्या डब्यात नसतो, तुमच्या दुकानातल्या तारेतही नसतो. तो एक्स्चेंजमध्ये असतो.

आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर यांना मिळालं. गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करणारे होते. सांगतात ते असं, की गावातली ऑपरेटर त्यांचे फोन त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते असा त्यांना संशय होता, म्हणून त्यांनी ऑपरेटरलाच बाजूला काढणारं यंत्र शोधलं. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण गिऱ्हाइकाचा फोन आपल्यापर्यंत न पोहोचण्याची ही धास्ती आपल्या विषयातलीच आहे. त्या यंत्रात फिरवलेला प्रत्येक आकडा एक दांडा पायरी-पायरीने सरकवायचा आणि शेवटी एका ठरावीक खिळीवर नेऊन टेकवायचा. म्हणजे नंबर हा त्या इमारतीतल्या एका जागेचा पत्ताच होता. आज ते दांडे गेले, संगणक आले, तरी आकड्यांचे गठ्ठे एक्स्चेंजवार वाटण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. शहर तेच असूनही ‘तिकडे हा नंबर जाणार नाही’ असं उत्तर मिळतं ते याच कारणाने.

तेव्हा पहिलं काम म्हणजे नव्या जागेचा पूर्ण पत्ता घेऊन कंपनीला दोन प्रश्न विचारणं. ही जागा आमच्याच एक्स्चेंजच्या हद्दीत येते का? आणि तिथे लाइन देण्याजोगी तांब्याच्या तारांची मोकळी जोडी किंवा फायबर आहे का? हे जागेचा करार करण्याआधी विचारता आलं तर फारच बरं. नव्या जागेच्या शेजाऱ्यांच्या लँडलाइनचे सुरुवातीचे तीन-चार आकडे तुमच्याशी जुळत असले तर ती चांगली खूण आहे, पण त्यावर विसंबू नका. कंपनीचंच उत्तर घ्या, शक्यतो लेखी.

तीन उत्तरं, तीन वाटा

जागा त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत असेल आणि तांब्याची तार असेल तर तुमचं नशीब चांगलं. एक्स्चेंजमध्ये एक मोठी लोखंडी चौकट असते. तिच्या एका बाजूला रस्त्यावरच्या केबल येऊन उघडतात, दुसऱ्या बाजूला यंत्राकडून येणारे नंबर. मधे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दोन धाग्यांची एक बारीक तार असते, तिला जंपर म्हणतात. शिफ्टिंग म्हणजे हा जंपर जुन्या जागेच्या जोडीवरून काढून नव्या जागेच्या जोडीवर लावणं. नंबरला हातही लागत नाही. आतलं काम थोड्या वेळाचं, वेळ लागतो तो रस्त्यावर: तुमच्या नव्या जागेजवळच्या डीपी बॉक्समध्ये, म्हणजे जिथून दुकानांत-घरांत तारा जातात त्या पेटीत, चालू, मोकळी जोडी मिळायला हवी. आणि लक्षात ठेवा, जंपर सरकला त्या क्षणी जुन्या दुकानातला फोन मुका होतो. दोन्हीकडे एकदम वाजण्याची अपेक्षा ठेवू नका.

फोन फायबरवर असेल तर नंबर कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरमध्ये असतो आणि हद्दीचा प्रश्न बराचसा सुटतो. जिथे त्या कंपनीचं फायबर आहे तिथे नंबर नेता येण्याची शक्यता चांगली असते. इथे लोक एक चूक करतात. फायबरची तार ज्याला जोडतात तो ‘डबा आमचाच आहे’ म्हणून उचलून नव्या जागेत लावतात आणि दिवा हिरवा होत नाही म्हणून तक्रार करतात. त्या डब्याचा अनुक्रमांक जुन्या जागेच्या फायबरशी नोंदलेला असतो. ती नोंद कंपनीने बदलल्याशिवाय डबा नुसता डबाच.

तिसरं उत्तर कडू: ‘हद्द वेगळी आहे, नंबर बदलावा लागेल.’ यावर मान डोलवून परत येऊ नका. आधी त्याच कंपनीला विचारा, की हा नंबर तुमच्या फायबर किंवा इंटरनेट फोनच्या सेवेवर घेता येईल का. तांब्यावर न जमणारी गोष्ट तिथे पुष्कळदा जमते. तेही नाही म्हणाले तर पाहायचं की तुमच्या देशात लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का. काही देशांत ती सोय लँडलाइनला आहे, काही ठिकाणी फक्त मोबाइलला. सोय असेल तर इंटरनेट फोन देणारी कंपनी तुमचा नंबर घेते आणि तुम्ही शहरात कुठेही बसलात तरी तिला फरक पडत नाही. सोय नसेल तर शेवटचा उपाय उरतो, तो म्हणजे जुन्या नंबरचं खातं चालू ठेवून त्यावरचे फोन नव्या नंबरकडे वळवणं. महिन्याचं भाडं बसतं, वळवलेल्या प्रत्येक कॉलचा आकार बहुधा तुमच्याच बिलात येतो, पण नंबर तुमचा राहतो.

कागद: नाव कुणाचं आहे?

अर्ज भरण्याआधी शेवटचं बिल काढा आणि त्यावरचं नाव वाचा. जुन्या दुकानांत ते नाव वडिलांचं, वारलेल्या काकांचं, फुटून गेलेल्या भागीदाराचं किंवा चक्क घरमालकाचं निघतं. बिल कोण भरतो याला इथे किंमत नाही, नंबरावर हक्क नाववाल्याचा. नाव बदलून घ्यायचं काम जुन्या पत्त्यावर असतानाच पुरं करा. तेव्हा जागा, फोन आणि बिल तिन्ही एकमेकांशी जुळतात. नाव आणि जागा एकाच अर्जात बदलायला गेलात तर दोन्ही अडकतात. घरमालकाच्या नावावर असेल तर जागा सोडण्याआधी, संबंध गोड असताना सही घ्या. अनामत रकमेवरून वाद झाल्यावर ती सही मिळत नाही.

थकबाकी शून्य करा. वादातली जुनी रक्कम असली तरी तिचा निकाल आधी लावा, कारण थकबाकी दिसत असली की शिफ्टिंगचा अर्ज पुढे सरकत नाही. आणि एका नंबरावर एकाच वेळी दोन अर्ज टाकू नका. जुन्या कंपनीकडे शिफ्टिंग मागायचं आणि ‘बघू तरी’ म्हणून दुसऱ्या कंपनीकडे पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तिच्याकडे नेण्याचा अर्जही टाकायचा, यात पहिला अर्ज उघडा आहे म्हणून दुसरा नाकारला जातो.

मधल्या दिवसांसाठी कॉल फॉरवर्डिंग

जुनं दुकान बंद आणि नव्या जागी लाइन नाही, असे काही दिवस येतातच. त्यासाठी फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला फोन मोबाइलकडे वळवणं. ते लावायचा कोड कंपनीगणिक वेगळा असतो. पुष्कळ ठिकाणी `*21*` नंतर मोबाइल नंबर आणि शेवटी `#` असा असतो, उत्तर अमेरिकेत `*72`. तुमच्या कंपनीचा कोड विचारून घ्या आणि ही सेवा खात्यावर सुरू आहे ना, तेही. काही ठिकाणी ती आधी मागून घ्यावी लागते.

नवख्यांना हे खरं वाटत नाही, पण फॉरवर्डिंगची नोंद एक्स्चेंजमध्ये बसते, तुमच्या यंत्रात नाही. एकदा ती लावली की फोन काढून पिशवीत घाला, तार कापा, जुन्या दुकानाची भिंत पाडा, कॉल वळतच राहतो. अट एकच, खातं चालू हवं. मात्र तांब्याच्या साध्या लाइनवर हा कोड त्याच लाइनवरून दाबावा लागतो, म्हणून सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी, डायल टोन असतानाच लावा. तार कापल्यावर आठवलं तर काउंटरवर जाऊन विनवण्या कराव्या लागतात.

लावल्यावर तिसऱ्याच फोनवरून खात्री करा. मोबाइलवर उलट दुकानाच्या नंबराकडे वळवणी आधीच लावलेली असेल तर कॉल दोघांत गरगरतो आणि गिऱ्हाइकाला एंगेज ऐकू येतं. मोबाइलचं व्हॉइसमेल सुरू असेल तर ते तुमच्याआधी फोन उचलतं.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

ओळखीतल्या एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं सांगतो. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला चाललं होतं, एक्स्चेंज वेगळं. नंबर तीस वर्षं जुना, दुरुस्तीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला. लोक घड्याळ टाकून जातात आणि सहा महिन्यांनी पाकिटावरचा नंबर लावतात, त्यामुळे नंबर गेला असता तर कपाटभर घड्याळं बेवारस झाली असती. दुकानदार माझ्याकडे आला तेव्हा हलायला दीड महिना होता.

“काका, अर्ज आजच टाकू ना?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी बिल आण. बिलावर वडिलांचं नाव, आणि वडील जाऊन चार वर्षं झालेली. मग पहिला अर्ज नावबदलाचा. मृत्यूचा दाखला, वारस म्हणून त्याचे कागद, बहिणीचं ना-हरकत पत्र. त्यात पंधरा दिवस गेले. नव्या नावाचं बिल हातात येईपर्यंत मी त्याला पुढचा अर्ज टाकू दिला नाही.

मग कंपनीला विचारलं. नवी जागा वेगळ्या हद्दीत, तिथे फायबर पोहोचलेलं नाही, नंबर बदलेल असं उत्तर आलं. नशिबाने तिथे लँडलाइनचं पोर्टिंग उपलब्ध होतं. इंटरनेट फोन देणारी एक कंपनी त्याने निवडली आणि अर्ज भरला. चार दिवसांत नकार आला: ‘तपशील जुळत नाही.’

हा नकार नेहमीचाच आहे. त्याने अर्जात नव्या दुकानाचा पत्ता लिहिला होता. त्याला वाटलं, आपण तिकडे चाललोय तर तोच लिहायचा. पण पोर्टिंगमध्ये नवी कंपनी तुमचा अर्ज जुन्या कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहते आणि त्या नोंदीत जुनाच पत्ता असतो. पत्ता जुना लिहायचा, तोही बिलावर जसा छापलाय तसा. बिलावर ‘गाळा क्रमांक’ असेल तर ‘दुकान क्रमांक’ लिहू नका. दुसऱ्यांदा आम्ही बिल समोर ठेवून अक्षरन्अक्षर उतरवलं आणि अर्ज मंजूर झाला.

पोर्टिंगची तारीख आम्ही बुधवारची मागून घेतली. शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी कधी घेऊ नये, काही बिघडलं तर पुढचे दोन-तीन दिवस उचलणारं कुणी नसतं. सामान रविवारी हललं. शनिवारी रात्री जुन्या लाइनवरून फॉरवर्डिंग लावलं आणि तीन दिवस फोन मोबाइलवर येत राहिले. जुनी लाइन बंद करा असं कुणालाही कळवलं नाही. पोर्टिंग झालं की जुनं खातं आपोआप मिटतं, आणि त्याआधी तुम्ही ते मिटवलंत तर पोर्ट करायला नंबरच उरत नाही.

बुधवारी दुपारी नव्या जागेतला फोन वाजला. मीच लावला होता, माझ्या मोबाइलवरून. दुकानदाराने पेढे काढले, मी म्हटलं थांब. शेजारच्या दुकानातून, जुन्याच कंपनीच्या लँडलाइनवरून लावून पाहिलं तर ‘हा नंबर अस्तित्वात नाही.’

अर्धवट झालेलं पोर्टिंग असंच दिसतं. बाकी सगळ्या कंपन्यांनी नव्या वाटेची नोंद घेतलेली असते, पण जुन्या कंपनीने स्वतःच्या एक्स्चेंजमधून नंबर पुरता पुसलेला नसतो. तिच्या गिऱ्हाइकांचा कॉल बाहेर पडतच नाही, घरातल्या घरात शोधतो आणि कुणी सापडत नाही म्हणून परततो. तुमच्या बाजूने सगळं ठीक दिसतं, फोन अधूनमधून वाजतोही, फक्त काही गिऱ्हाइकं गायब होतात. आम्ही नव्या कंपनीकडे तक्रार नोंदवली, कोणत्या नंबरावरून, किती वाजता लावला आणि नेमकं काय ऐकू आलं हे लिहून दिलं. ‘फोन लागत नाही’ एवढीच तक्रार असती तर त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावून पाहिलं असतं, लागला असता आणि तक्रार बंद झाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन सगळीकडून सुरू झाली. पेढे तेव्हा खाल्ले.

म्हणून नव्या जागी तपासताना निदान तीन ठिकाणांहून फोन लावा: जुन्या कंपनीच्या लँडलाइनवरून, दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून आणि शहराबाहेरून, एसटीडी कोडसकट. मग उलट दिशेने, दुकानातून मोबाइलला लावा आणि पडद्यावर तुमचाच जुना नंबर उमटतो का पाहा. इंटरनेट फोनवर सेटिंग राहून गेलं की येणारा फोन जुन्या नंबरावर येतो आणि जाणारा कुठल्यातरी तात्पुरत्या नंबरावरून जातो. गिऱ्हाइकं मग तोच तात्पुरता नंबर साठवून ठेवतात. फॉरवर्डिंगही नव्याने पाहावं लागतं. पोर्टिंग झालं की जुन्या एक्स्चेंजमधली नोंद नंबराबरोबर येत नाही, नव्या ठिकाणी हवं असेल तर पुन्हा लावायचं. नुसतं शिफ्टिंग झालं असेल तर याच्या उलट: तीच नोंद लागू राहते आणि नव्या दुकानातला फोन दिवसभर गप्प बसतो, कारण सगळे कॉल अजून मोबाइलवरच चाललेले असतात.

त्याच तारेवर आणखी काय लटकलंय?

जुन्या दुकानातल्या फोनच्या तारेवर बोट ठेवून ती कुठे कुठे जाते ते एकदा पाहा. ब्रॉडबँड त्याच तारेवर असेल तर नंबर दुसऱ्या कंपनीकडे गेल्याबरोबर तेही बंद पडतं, म्हणून नव्या जागेचं इंटरनेट आधी सुरू करून घ्या. इंटरनेट फोनला तर त्याशिवाय प्राणच नाही. चोरघंटा किंवा जुनं कार्ड मशीन लाइनवरून डायल करत असेल तर इंटरनेट फोनवर ते चालेलच असं नाही. त्याच्या कंपनीला विचारा आणि दुकान उघडण्याआधी घंटा वाजवून बघा. घड्याळवाल्याची चोरघंटा चालली नाही, ती सिमकार्डवर घ्यावी लागली.

एका नंबरामागे दोन-तीन लाइन लावलेल्या असतील, म्हणजे पहिली एंगेज असली की कॉल दुसरीवर जातो अशी सोय असेल, तर अर्जात सगळे नंबर लिहा आणि सगळे एकत्र हलवायचे आहेत असं स्पष्ट म्हणा. फक्त मुख्य नंबर हलवला तर तो एकटाच पोहोचतो आणि एक गिऱ्हाईक बोलत असताना बाकीच्यांना एंगेज मिळतं.

विजेचं एक राहिलं. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतो, त्यामुळे दुकानातली वीज गेली तरी वाजतो. फायबरचा आणि इंटरनेटचा फोन दुकानाच्या विजेवर चालतो. डबा आणि राउटर दोन्ही एकाच बॅटरी बॅकअपवर घ्या. एकालाच दिलं तर दोन्ही बंद असल्यासारखंच.

शिफ्टिंगनंतरची दोन बिलं नीट वाचा. पहिल्यावर पत्ता नवा आलाय का आणि भाडं एकाच जागेचं लागलंय का ते दिसेल. दुसऱ्यावर कॉलच्या यादीत वळवलेले कॉल अजून पडत असतील, तर सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी लावलेलं फॉरवर्डिंग काढायचं राहून गेलंय.